ताईचा एएनए पॉझिटिव्ह आला: १:१६०, स्पेकल्ड. थकव्याचं कारण हेच का?

पऱ्हाटी
१४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

माझी मोठी बहीण, वय ३४, सासर आर्णी तालुक्यात. दोन लेकरं आहेत. गेले सात-आठ महिने ती सारखी थकलेली असते. आधी दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस सहज वेचायची, आता दुपारी धुऱ्यावर बसून राहते. जिना चढली की दम लागतो. बोटं आणि गुडघे दुखतात. केस गळतात. गालावर दोन्ही बाजूंनी डागही आहेत.

जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं. तिथे रक्ताच्या बऱ्याच तपासण्या झाल्या. त्यातल्या एका कागदावर असं आहे: एएनए, इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धत, पॉझिटिव्ह, टायटर १:१६०, पॅटर्न न्यूक्लियर फाइन स्पेकल्ड. खाली छापलं आहे की पुढे एएनए प्रोफाइल करावी. डॉक्टर म्हणाले "रक्तात वात आहे, ल्युपसची सुरुवात असू शकते" आणि प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम रोज सकाळी एक, अशी गोळी सुरू केली. आज बारावा दिवस आहे. गोळीनं तिला बरं वाटतंय, भूक लागते, अंग हलकं झालं म्हणते. म्हणजे निदान बरोबरच आहे ना?

मी मोबाइलवर ल्युपस वाचलं, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, आणि रात्रभर झोपलो नाही. किडनी, मेंदू, काय काय लिहिलं आहे. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ही १६० म्हणजे किती जास्त आहे?

वऱ्हाडी_काका
१४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

भाऊ, घाबरू नको. माह्या बायकोचा बी एएनए निघाला होता दोन वर्साआधी, १.८ आला होता. तिले काही नाही झालं. पण तुह्या ताईचा १६० हाय, हा तं लईच जास्त दिसून राह्यला. नागपूरले घेऊन जा, उशीर नको करू.

मोहफूल
१४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मी बीएस्सी नर्सिंग केलं आहे. आम्हाला शिकवलं होतं की होमोजिनस पॅटर्न आला तर ल्युपस आणि स्पेकल्ड आला तर शोग्रेन किंवा मिश्र संधिवात. ताईचा स्पेकल्ड आहे म्हणजे ल्युपस नसावा. डोळे-तोंड कोरडं पडतं का विचारा. शोग्रेनमध्ये थकवा खूप असतो.

काचपट्टी
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी अकरा वर्षं ही तपासणी हातानं करतो आहे, म्हणून आधी आकड्याचं सांगतो. बाकीचं डॉक्टर मंडळी सांगतील.

काका, तुमच्या घरचा १.८ आणि या ताईचा १६० यांची तुलनाच होत नाही. १.८ हा एलायझा मशीनचा आकडा आहे. त्यात रंग किती गडद झाला ते मोजतात. १:१६० ही सूक्ष्मदर्शकाची पद्धत आहे. ते क्विंटल आणि एकर शेजारी ठेवण्यासारखं होईल.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध रक्तात असलेल्या अँटीबॉडी. त्या शोधताना आमच्याकडे काय होतं ते सांगतो. काचेच्या पट्टीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात. बाईच्या रक्तातलं सीरम त्यावर टाकायचं, धुवायचं, मग चमकणारं रसायन लावलेली दुसरी अँटीबॉडी टाकायची. अंधाऱ्या खोलीत बघितलं की पेशींची केंद्रकं हिरवी चमकतात की नाही ते दिसतं. चमकली तर सीरम आणखी पातळ करायचं. ८० पट, १६० पट, ३२० पट. ज्या शेवटच्या पातळीला चमक दिसली ती टायटर. म्हणजे ताईचं सीरम १६० पट पातळ केल्यावरही दिसलं आणि ३२० पटीला दिसलं नाही. एवढंच.

आता हे "दिसलं" कोणाला दिसलं? माझ्या डोळ्याला. शेजारच्या टेबलावरचा त्याच पट्टीला ३२० म्हणेल, तिसरा ८० म्हणेल, आणि एका पायरीचा हा फरक आमच्या कामात चालतो. म्हणून ८० चं १६० झालं तर आजार दुप्पट झाला असं अजिबात नाही. लोक दर तीन महिन्यांनी एएनए पुन्हा करून आणतात आणि वर गेला की रडतात. ते बघवत नाही.

पॅटर्नचं म्हणाल तर फाइन स्पेकल्ड हा आमच्याकडे सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आहे. बारीक बारीक ठिपके, चाळलेल्या रव्यासारखे. पूर्ण धडधाकट माणसांतही दिसतो.

माझं मत, खर्च झेपत असेल तर प्रोफाइल करून घ्या. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

डॉ_बाभूळ
१५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी २२ वर्षं. काचपट्टी यांनी तपासणीबद्दल लिहिलेलं सगळं बरोबर आहे. प्रोफाइलबद्दल माझं मत वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

पऱ्हाटी, ताईला न बघता मी निदान सांगणार नाही. पण हा कागद काय सिद्ध करत नाही ते सांगू शकतो, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे.

हजार धडधाकट लोकांचं रक्त १:१६० ला तपासलं तर साधारण पन्नास जण पॉझिटिव्ह निघतात. १:८० ला तपासलं तर सव्वाशेच्या वर. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, आणि वय वाढेल तसं आणखी वाढतं. आता थकलेल्या हजार बायका घ्या आणि त्यांत एकीला खरंच ल्युपस आहे असं धरा. आपल्याकडच्या मानानं मी हे जास्तच धरतो आहे. ती एक पॉझिटिव्ह येईलच. तिच्यासोबत ज्यांना ल्युपस नाही अशा पन्नास जणी पॉझिटिव्ह येतील. हातात एक्कावन्न कागद, त्यातला खरा एक. ताईचा कागद त्या एक्कावन्नातला आहे, आणि तो कोणता हे कागद बघून कळत नाही. ते बाईला बघून, तिला विचारून कळतं.

म्हणून ही तपासणी थकव्यासाठी करायचीच नसते. आधी बाईत काहीतरी दिसलं पाहिजे: सांध्यावर खरी सूज, उन्हात उठणारं लाल पुरळ, लघवीत प्रोटीन, रक्तातल्या पेशी कमी. मग एएनए विचारायचा. २०१९ साली युरोप-अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी ल्युपसचे जे वर्गीकरणाचे निकष ठरवले, त्यांत एएनए १:८० किंवा जास्त असणं ही फक्त आत येण्याची अट आहे. पुढे दहा गुण जमावे लागतात, आणि एएनएला स्वतःचा एकही गुण नाही.

मोहफूल, तुम्हाला शिकवलं ते एका दिशेनं खरं आहे. शोग्रेनची बाई असेल तर तिचा पॅटर्न बहुधा स्पेकल्ड येतो. ल्युपसमध्येही स्पेकल्ड येतो, म्हणून "स्पेकल्ड आहे म्हणजे ल्युपस नाही" असं म्हणता येत नाही. आणि उलट दिशेनं वाचायला गेलं, स्पेकल्ड आहे म्हणून शोग्रेन, तर तेही टिकत नाही. कोरडेपणाचा प्रश्न मात्र तुम्ही योग्य विचारलात.

पऱ्हाटी, मला हे हवं आहे:
सीबीसीचे सगळे आकडे, फक्त हिमोग्लोबिन नको.
लघवी तपासली का?
पाळी किती दिवस, किती जाते?
सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात? बोटांच्या सांध्यावर सूज आहे का फक्त दुखतात?
गालावरचे डाग कोणत्या रंगाचे, कधीपासून, नाकाच्या कडेच्या घडीत आहेत का, ओठाच्या वर आहेत का?
तोंडात फोड येतात का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का?

तुरीची_शेंग
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

डॉक्टरसाहेब, तुमचं पटतं पण मला भीतीही वाटते, म्हणून लिहिते. मला ल्युपस आहे, २०१६ पासून. त्याच्या आधी दोन वर्षं सगळे म्हणत होते की कमजोरी आहे, बाळंतपणानंतर होतं, टॉनिक घे. एएनए कोणी केलाच नाही. पायावर सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा सेवाग्रामला गेले. तिथे किडनीची बायोप्सी झाली. आज गोळ्यांवर चांगली आहे, शाळेत शिकवते.

"एएनए म्हणजे काही नसतं" एवढंच वाचून कोणाची ताई घरी बसू नये.

डॉ_बाभूळ
१५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

शेंगताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमच्या गोष्टीत एक साधी लघवीची तपासणी दोन वर्षं आधी व्हायला हवी होती. ती उपकेंद्राच्या पातळीवर पट्टी बुडवून होते आणि ल्युपसमध्ये किडनी धरली गेली की बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा दिसतं. बाईला काही दुखत नसतानाही दिसतं. थकलेल्या, सांधे दुखणाऱ्या बाईची मी एएनएच्या आधी लघवी बघतो. "एएनए म्हणजे काही नसतं" असं मी म्हणत नाही. तो एकटा काही सांगत नाही, आणि त्याच्या सोबतीला काय आहे हे बघणं कोणी टाळू नये.

पऱ्हाटी
१६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आज ताईकडे गेलो होतो. वहीत लिहून आणलं. काही प्रश्न मी विचारू शकलो नाही, ते माझ्या बायकोनं विचारले.

सीबीसी (गोळी सुरू होण्याच्या आधीची): हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही ६६, पांढऱ्या पेशी ६९००, प्लेटलेट ४ लाख ६० हजार. ईएसआर ३८. सीआरपी नॉर्मल. थायरॉइड टीएसएच ३.१. शुगर नॉर्मल. आरए फॅक्टर निगेटिव्ह. लघवी तपासलेलीच नाही.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं सप्टेंबरमध्येही बोटातून रक्त घेतलं होतं. तेव्हा ८.४ होतं आणि "रक्त कमी आहे, गोळ्या घे" म्हणून लाल गोळ्या दिल्या होत्या. पोटात जळजळ होते म्हणून ताईनं चार दिवसांत बंद केल्या. त्या कागदाकडे आमच्यापैकी कोणीही पुन्हा बघितलं नाही. सासू म्हणाल्या बायांना रक्त कमी असतंच.

पाळी आठ दिवस जाते, पहिले चार दिवस खूप, गाठी पडतात. धाकट्याच्या जन्मानंतर दीड वर्षांपूर्वी कॉपर-टी बसवली, तेव्हापासून असं आहे. आधी चार-पाच दिवस जायची.

सकाळी बोटं पाच-दहा मिनिटं आखडतात, मग मोकळी होतात. सूज मला दिसली नाही. वेचणीच्या दिवशी जास्त दुखतात.

गालावरचे डाग तपकिरी आहेत, दुसऱ्या बाळंतपणापासून आहेत, ओठाच्या वरही आहेत, कपाळावरही थोडे. खाजत नाहीत. येत-जात नाहीत, तसेच राहतात.

तोंडात फोड नाहीत. डोळे कोरडे नाहीत. थंडीत बोटांचं ती म्हणते कधी लक्ष दिलं नाही.

सावळी
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सिकलसेल तपासलं का? आमच्या गडचिरोलीकडे थकवा म्हटला की आधी तेच बघतात. माझ्या दिराला एएस निघालं आणि तो कायम थकलेला असतो.

डॉ_बाभूळ
१६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सावळी, सिकलसेल विचारलंत ते विदर्भात नेहमीच योग्य आहे आणि ताईची एकदा सोल्युबिलिटी तपासणी व्हावी. पण एएस म्हणजे वाहक. वाहकाचं हिमोग्लोबिन त्यामुळे कमी होत नाही आणि तो त्यामुळे कायम थकत नाही. दिराच्या थकव्याचं दुसरं काही कारण आहे का ते बघायला हवं. एएसच्या कार्डावर ढकलून ते राहून जाऊ नये.

पऱ्हाटी, तुमची वही वाचून मी दोन वेळा थांबलो. उत्तर तुमच्या घरी सप्टेंबरपासून पडलेलं होतं.

८.१ हिमोग्लोबिनवर जिना चढताना दम लागणं, वेचणीत मागे पडणं, केस गळणं, यांना वेगळा आजार शोधावा लागत नाही. एमसीव्ही ६६ म्हणजे लाल पेशी लहान झाल्या आहेत. लोह संपलं की असं होतं. दीड वर्ष आठ-आठ दिवस गाठींसह पाळी जाते आहे, आणि कॉपर-टीनं पाळी वाढते हे माहीत असलेलं आहे. रक्त कुठून जातंय तेही समोर आहे. लहान पेशींचं दुसरं कारण जन्मजात थॅलेसेमियाचा वाहकपणा असू शकतं. लोह देऊन एमसीव्ही वर आलं नाही तर तिकडे बघू.

प्लेटलेटकडेही बघा, ४ लाख ६० हजार. लोह कमी असताना त्या थोड्या वाढतात. ल्युपस पेशी बिघडवतो तेव्हा त्या सहसा कमी होतात, पांढऱ्या पेशीही कमी होतात. ताईचा कागद उलट्या बाजूला झुकतो आहे. ईएसआर ३८ बघून कोणी "आत सूज आहे" म्हणालं असेल, पण रक्त पातळ असलं की ईएसआर आपोआप चढतो. सूज दाखवणारी दुसरी तपासणी, सीआरपी, नॉर्मल आहे.

गालावरचं तुम्ही वर्णन केलं ते मला वांग वाटतं. बाळंतपणात सुरू झालेलं, तपकिरी, ओठावर आणि कपाळावर, कायम राहणारं. ल्युपसचं पुरळ लालसर, थोडं उठलेलं, उन्हानंतर भडकणारं, आणि नाकाच्या कडेची घडी सहसा सोडून देणारं असतं. सावळ्या कातडीवर लाली ओळखणं अवघड जातं, म्हणून कोणीतरी दिवसाच्या उजेडात समोर बसवून बघावं. फोटो पाठवू नका, फोटोत रंग फसवतो.

आता गोळीबद्दल. ती स्टेरॉइड आहे आणि मला सर्वांत काळजीची वाटते. प्रेडनिसोलोननं बरं वाटलं म्हणजे निदान बरोबर, असं नसतं. ती कोणालाही दिली तरी भूक लागते, दुखणं दबतं, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. निरोगी माणसालाही. त्या हलकेपणामुळे आमच्या भागात बायका ती वर्षानुवर्षं घेतात. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी डोकं वर काढतो. आणखी एक गोष्ट होते जी कोणी सांगत नाही: खरंच संधिवात असेल तर गोळी त्याच्या खुणा पुसून टाकते आणि नंतर बघणाऱ्याला काहीच सापडत नाही.

तीन आठवड्यांच्या आत असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड सहसा बंद पडलेलं नसतं. त्याच्या पुढे गेलं तर एकदम थांबवणं धोक्याचं होतं. ताईचा आज चौदावा दिवस आहे. माझ्या लिहिण्यावरून गोळी बंद करू नका, पण या आठवड्यातच, सुरू केल्याची तारीख लिहिलेल्या कागदासह, मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्राम, जे जवळ पडेल. सोबत लघवी, किडनीसाठी क्रिएटिनिन, जमलं तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन.

वऱ्हाडी_काका
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मंग त्या एएनएचं काय? तो असाच राहीन का रक्तात? तो जाव्यासाठी काही दवा?

काचपट्टी
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

काका, तो घालवायचा नसतो. बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं तसाच राहतो. टीबी, मलेरिया, कावीळ अशा आजारांतही उठतो. टीबीची आयसोनियाझिडची गोळी घेणाऱ्यांत येतो. थायरॉइडच्या आजारात येतो. घरात कोणाला ल्युपस असेल तर धडधाकट नातेवाइकातही सापडतो.

डॉक्टरसाहेब, तुमच्याशी वाद घालत नाही, पण प्रोफाइल का नको ते समजावून सांगा. त्यात कोणत्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी आहे ते नेमकं कळतं. निगेटिव्ह आली तर या भावाची झोप परत येईल.

डॉ_बाभूळ
१७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

रास्त प्रश्न आहे. माझी अडचण अशी की त्या पट्टीवर पंधरा-वीस रेघा असतात. एवढ्या गोष्टी एकदम तपासल्या की एखादी रेघ फिकट उमटतेच. मग "पीएम-एससीएल सीमारेषेवर" असा कागद घेऊन ही बाई पुढची पाच वर्षं फिरते. मी असे कागद बघितले आहेत. ताईच्या अंगात आजाराची खूण दिसली तर मी स्वतः प्रोफाइल, आणि ल्युपससाठीच्या डीएसडीएनए आणि सी३-सी४ या तपासण्या लिहीन. आज दिसत नाही.

एक अपवाद मान्य करतो. तिला आणखी मूल हवं असेल तर रो अँटीबॉडी बघण्याला अर्थ आहे, कारण ती वारेतून बाळात जाऊन क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावते. फाइन स्पेकल्डमागे कधीकधी तीच असते. यात मी ठाम नाही. काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत आणि काचपट्टींच्या बाजूनं बोलतील.

निंबोणी
१७ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मध्येच विचारते, क्षमा करा. माझा एएनए १:६४०, सेंट्रोमियर पॅटर्न आहे. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात, चार-पाच वर्षांपासून. धागा वाचून वाटलं की माझंही काही नसेल. डॉक्टरकडे जायचं सोडून देऊ का?

डॉ_बाभूळ
१७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नको, तुम्ही जरूर जा आणि संधिवाताच्या तज्ज्ञाकडेच जा. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. बोटांचे बदलणारे रंग ही खूण आधीची, चार वर्षांची, आणि सेंट्रोमियर हा पॅटर्न इतर पॅटर्नपेक्षा बराच नेमका आहे. कातडी कडक होण्याच्या आजाराचा एक सौम्य चालीचा प्रकार त्याच्यासोबत येतो. बोटांची कातडी ताणल्यासारखी वाटते का, गिळताना अडकतं का, छातीत जळजळ होते का, चालताना दम लागतो का, हे त्यांना सांगा. हृदयाची सोनोग्राफी होईल. घाबरण्याची घाई नाही, पण हे सोडून देण्यासारखं नाही. हातमोजे आजपासून घाला आणि घरात कोणी विडी-तंबाखू घेत असेल तर तुम्ही त्यापासून लांब राहा.

मोहफूल
१८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

म्हणजे पॅटर्नला काही ठिकाणी अर्थ आहे आणि काही ठिकाणी नाही. आम्हाला तक्ता पाठ करायला लावला होता, डावीकडे पॅटर्न, उजवीकडे आजार. किती पॉझिटिव्ह माणसांना तो आजार नसतो हा रकानाच नव्हता.

पऱ्हाटी
२२ नोव्हेंबर, रात्री १०:००

ताईला घेऊन गेलो होतो. तिथल्या मॅडमनी हात दाबून बघितले, प्रत्येक सांधा वेगळा. सूज नाही म्हणाल्या. चेहरा खिडकीजवळ नेऊन बघितला, वांग म्हणाल्या. लघवीत प्रोटीन नाही, लाल पेशी ०-१. क्रिएटिनिन ०.७. फेरिटिन ४. सिकलसेल निगेटिव्ह. स्टेरॉइड बंद केलं, कसं ते लिहून दिलं.

लोहाची गोळी रोज एक, जेवणानंतर एक-दीड तासानं, लिंबूपाण्यासोबत. चहा त्याच्या आगेमागे तासभर नाही. ताईला हेच सर्वांत कठीण जाणार, कारण वेचणीला जाताना चहा आणि गोळी एकत्रच घ्यायची. शौच काळी होईल, घाबरायचं नाही, हेही आधीच सांगितलं. मागच्या वेळी जळजळीसोबत त्या काळ्या रंगानंही ती घाबरली होती, ते आम्हाला आत्ता कळलं.

स्टेरॉइड थांबल्यावर दोन-तीन दिवस ती फारच गळून गेली. सासू म्हणाल्या, बघा, ती गोळी चांगली होती. मला काय उत्तर द्यावं कळलं नाही.

तुरीची_शेंग
२२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सासूबाईंना सांगा, मी ती गोळी खऱ्या कारणासाठी घेते आणि तरीही दर वर्षी डॉक्टर ती कमी करायला धडपडतात. माझ्या मणक्याचं हाड तिच्यामुळेच दबलं आहे. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन.

पऱ्हाटी
१९ जानेवारी, रात्री ९:३०

दोन महिने झाले, लिहायचं राहिलं होतं. महिन्यानं हिमोग्लोबिन ९.४ आणि काल १०.६ आलं. एमसीव्ही ७५ झालं आहे. कॉपर-टी डिसेंबरमध्ये काढली, मागची पाळी पाच दिवस गेली. लोह अजून तीन-चार महिने घ्यायचं आहे, साठा भरेपर्यंत. ताई शेवटच्या वेचणीला पूर्ण दिवस होती.

बोटं मात्र अजून दुखतात. आधीपेक्षा कमी, पण दुखतात. मॅडम म्हणाल्या वेचणीचं काम थांबलं की बघू, एप्रिलमध्ये पुन्हा हात दाखवा आणि लघवी तपासा. या थंडीत बोटांवर आम्ही लक्ष ठेवलं, रंग बदलत नाही.

एक प्रश्न मनातून जात नाही. आज काही नाही, पण पुढे होईल का?

डॉ_बाभूळ
२० जानेवारी, दुपारी १:४५

आकडे वाचून आनंद झाला.

तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कोणाकडे नाही. २००३ साली अमेरिकी सैनिकांचा एक अभ्यास आला होता. ज्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला, त्यांचं जुनं साठवलेलं रक्त काढून तपासलं. त्यांतल्या बऱ्याच जणांत आजाराच्या काही वर्षं आधीच एएनए सापडला. हे वाचून लोक घाबरतात. पण ते ज्यांना आजार झालाच अशांपासून मागे गेले होते. एएनए असलेल्यांपासून पुढे गेलं तर बहुतेकांना काही होत नाही. ताईसारखीत, जिची लघवी स्वच्छ, पेशी नीट, सांध्यावर सूज नाही, धोका शून्य आहे असं मी लिहिणार नाही. लहान आहे असं लिहीन.

एएनए पुन्हा करू नका. सांध्यावर सूज, उन्हात उठणारं पुरळ, लघवीला फेस, पायावर सूज, कारण नसताना पंधरा दिवस ताप, यातलं काही आलं तर मॅडमकडे जा, आणि हा जुना कागद सोबत न्या.

काचपट्टी
२० जानेवारी, सायंकाळी ७:३०

मी अजूनही प्रोफाइल केली असती. बोटं दुखताहेत ना अजून.

पऱ्हाटी
२० जानेवारी, रात्री ९:१५

काचपट्टी दादा, तुमचं म्हणणं मी मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या एप्रिलमध्ये बोटं बघून ठरवू. ताईला तिसरं मूल नको आहे, तेही त्यांनी विचारून लिहून घेतलं.

तिच्या फायलीत आता सर्वांत वर सीबीसीचा कागद लावला आहे. एएनएचा कागद ठेवला आहे, पण मागे.